पातळ दारावरचा हँगर

पासंगमामांनी नोकरीभर दुसऱ्यांची ओझी मोजली आणि निवृत्त झाल्यावर आपलं ओझं कोणाला होऊ नये या एकाच काळजीत दिवस काढायला घेतले. खडीच्या खाणीबाहेर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता. त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. ट्रक रिकामा आत जाताना तोलायचा, भरून बाहेर येताना तोलायचा, फरक काढायचा आणि पावती फाडायची. काटा शून्यावर आल्याशिवाय ते पुढची गाडी घेत नसत. ट्रक उभा करायच्या फळीवर ओला चिखल राहिला तरी झाडू मारायला लावत. वैतागून कुठल्यातरी ड्रायव्हरने त्यांना पासंग हे नाव ठेवलं. तराजूची पारडी सारखी करायला हलक्या पारड्याला जो दगडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. नाव चिकटलं, पुढे त्याला मामा लागलं, आणि पगाराच्या पाकिटावरचं खरं नाव फक्त कॅशियरला माहीत राहिलं.

ड्रायव्हर मंडळी हरतऱ्हेने वजन चोरायला बघायची. कोणी ट्रक फळीच्या टोकाला उभा करी, कोणी अगदी काठावर तिरपा.

"मामा, जरा मागे घेऊ का? इथे जास्त भरतंय."

"पुढे घे, मागे घे, नाहीतर आडवा घाल," मामा मान वर न करता म्हणत. "सगळी चाकं फळीवर आहेत ना? मग कुठेही उभा राहा, वजन तेवढंच."

हे त्यांच्या काट्यापुरतं शंभर टक्के खरं होतं. फळीखाली चारी कोपऱ्यांना आधार होता आणि ट्रक कुठेही उभा केला तरी आकडा तोच येई. इतकी वर्षं रोज खरं ठरलेलं वाक्य माणूस सगळीकडे वापरायला लागतो. मामांनीही ते वापरलं, आणि सुनेच्या दाराचं वाटोळं केलं.

मामी गेल्यावर कंपनीची खोली सोडावी लागली. मुलगा न्यायला आला. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता आणि बोलण्यात लिफ्टसारखाच होता. जे बटण दाबाल तिथेच थांबणार, मध्ये कुठे नाही. "बाबा, आता आमच्याकडेच," तो म्हणाला. मामांनी एक बॅग भरली आणि आले.

त्यांना दिलेली खोली घरातली सगळ्यात लहान. एका बाजूला खिडकी, एका बाजूला पलंग, एका भिंतीवर स्विचबोर्ड आणि त्याच्या शेजारून वर गेलेला पाण्याचा नळ. उरलेल्या भिंतीत दार. दार म्हणजे आतल्या खोल्यांना बसवतात तसलं हलकं, पातळ. दोन बाजूंना प्लायचे पापुद्रे, कडेने लाकडाची अरुंद चौकट आणि मध्ये पुठ्ठ्याची जाळी. टिचकी मारली तर डब्यासारखं वाजायचं. पण रंग असा दिला होता की नवं कोरं दिसावं. सून रंगांच्या दुकानात कामाला होती, शेड बनवायच्या मशीनवर. सासरे येणार म्हणून सुट्टी घेऊन तिने ते दार स्वतः घासून रंगवलं होतं.

"बाबा, दाराला जरा जपा हं," ती पहिल्या दिवशी म्हणाली, "रंग अजून ओला आहे."

"आणि भिंतीला खिळे मारू नका," मुलगा म्हणाला. "आतून वायरी गेल्यात."

पाहुणा आला की माणसं अशी चार वाक्यं बोलतात आणि चहा संपेपर्यंत विसरूनही जातात. पण मामा जन्मभर पाट्या वाचून वागलेले. त्यांनी ही दोन्ही वाक्यं घराचे नियम म्हणून मनात ठोकून घेतली. त्या दिवसापासून ते दारातून जाताना कोपर अंगाला चिकटवून जात.

मुलाने कपाटाचा विषय काढला होता, नाही असं नाही.

"बाबा, एक कपाट आणू या का खोलीत?"

"कशाला? मी काय इथे कायमचा आलोय?"

आता हे असं बोलायचं असतं. ताटात वाढायला कोणी आलं की आपण नको नको म्हणत हात आडवा धरतो, तसंच. समोरच्याने पुन्हा आग्रह करायचा असतो. मामा थांबले. मुलगा "बरं" म्हणाला आणि आंघोळीला गेला. स्वयंपाकघरात सुनेने भांडी घासता घासता ऐकायला म्हणून नळ बंद केला होता, तो तिने पुन्हा सोडला.

मग बॅग पलंगाखाली गेली आणि तिथेच राहिली. मामा त्यातूनच सदरा काढत आणि धुऊन आला की घडी करून त्यातच ठेवत. घड्यांच्या सुरकुत्या पाठीवर घेऊन ते फिरायला जात. गावाकडून थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, फोन येई. "माझ्याकडे ये ना. इथे एक खोली नुसती पडून आहे." मामा "बघू" म्हणत. त्यांना जायचं नव्हतं. त्यांना हे घर आवडायला लागलं होतं. संध्याकाळी सून कामावरून आली की जेवताना दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. कोणाला ढगासारखा रंग हवा असायचा, कोणाला दुधावरच्या सायीसारखा, आणि एकाला शेजाऱ्याच्या भिंतीसारखा, पण शेजाऱ्याला कळणार नाही असा. मामा हसून घास गिळत. एवढं ऐकायला मिळावं म्हणून ते जेवायला सगळ्यांच्या आधी येऊन बसत. पण राहू का, असं विचारायचं कसं? आणि न विचारता पसरायचं तरी कसं?

काही महिने असेच गेले. एका सकाळी सून खोलीत चहा घेऊन आली, तेव्हा मामा पलंगाखाली वाकून सदरा शोधत होते.

"बाबा, बॅग अजून रिकामी नाही केलीत?"

तिने का विचारलं ते तिलाच माहीत. मामांना वाटलं, पसारा दिसतोय. कपडे कुठेतरी नीट टांगले पाहिजेत. भिंतीला खिळा नाही, खोलीत कपाट नाही, तेव्हा राहिलं दार.

घरगुती सामानाच्या दुकानात एक बाई होती. तिने दारावर अडकवायचे दोन प्रकार काढून काउंटरवर ठेवले. पहिला चपट्या, कागदासारख्या पातळ पट्ट्यांचा. दाराच्या जाडीप्रमाणे मागेपुढे करता येणारा, आणि त्याचे पाच हूक दाराला चिकटून. दुसरा चांगला भरभक्कम. जाड सळईचा, खाली दाराला टेकायला लांब पाय, आणि पुढे हातभर बाहेर येणारी दांडी, तिच्यावर हँगर ओळीने लावायचे.

"दार केवढं जाड आहे?" बाईने विचारलं.

"दाराएवढं."

"तसं नाही, काका. मोजून आणलंत तर बरं. फ्लॅटमधलं आतलं दार असेल तर ते बारीक असतं, शिवाय पोकळ. त्याला हा चपटा घ्या. हा दुसरा जाड दारांसाठी आहे, तुमच्या दारावर डुगडुगेल."

मामांनी पाकिटं डोळ्यांजवळ नेली. चपट्याच्या पाकिटावर पाच किलो लिहिलं होतं, भरभक्कमच्या पाकिटावर दहा.

"दहाचा असताना पाचचा कोण घेईल?" ते म्हणाले.

"काका, दार म्हणजे काही ट्रक नाही."

"वजन ते वजनच, बाई." मग त्यांनी जरा आवाज खाली आणला. "काढता येतो ना? दुसरीकडे न्यायचा झाला तर?"

"नुसता वरून अडकवायचा. जाताना उचलून न्यायचा."

हे मामांना फार आवडलं. खिळा नाही, भोक नाही, कोणाची परवानगी नाही. त्यांनी दहाचा घेतला.

घरी कोणी नसताना त्यांनी कामाला हात घातला. निरोपसमारंभात सोबत्यांनी त्यांना बॅगा तोलायचा हातातला काटा भेट दिला होता. वजनकाट्यावरच्या माणसाला निरोपाला वजनकाटाच देणारे सोबती होते ते. त्याच्यावर त्यांनी एकेक सदरा हँगरसकट तोलला. सदरे, पँटी, स्वेटर, लोकरीचा लांब कोट. बेरीज आठ किलोच्या आत आली. "पास," मामा मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

मग रंगाची काळजी. सायकलवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी सळई जिथे जिथे दाराला लागत होती तिथे तिथे घातले. दुकानातल्या बाईने म्हटल्याप्रमाणे हूक दारावर सैलच बसत होता, म्हणून रबर दुहेरी घातलं. आता प्रश्न उरला जागेचा. बिजागरीच्या बाजूला लावायचा की कडीच्या? कडीची बाजू पलंगापासून हाताला येत होती. कुठेही लावा, वजन तेवढंच. त्यांनी कडीच्या बाजूला लावला.

एक गोष्ट मात्र झाली. दाराच्या माथ्यावर सळई आणि रबर मिळून एवढा उंचवटा झाला की दार चौकटीत जाईना. मामांनी एकदा ढकलून पाहिलं, कुठेतरी कर्र झालं, तसे त्यांनी हात काढून घेतले. दार अर्धं उघडं ठेवायचं त्यांनी ठरवून टाकलं. आपल्या खोलीत चोरून नेण्यासारखं काय आहे?

कपडे टांगलेले बघून त्यांना इतकं बरं वाटलं की त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजी मागून घेतली. सुनेने जेवणानंतर खोलीत डोकावून दाराकडे बराच वेळ पाहिलं.

"हे निघतं का, बाबा?"

"एका झटक्यात!" मामा अभिमानाने म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली आणि ताटं उचलायला गेली.

पुढे काही दिवसांनी दार खाली फरशीला घासायला लागलं. मुलाने सुट्टीच्या दिवशी बिजागरीला तेल दिलं आणि "हवेने फुगलं असेल" असं निदान करून तो झोपला. मामांनाही ते पटलं. आठ किलोंवर त्यांचा संशय जायचं कारण नव्हतं, ते पास झाले होते.

मग एक दिवस मामा फिरायला गेलेले असताना पाऊस आला आणि लोकरीचा कोट पाणी पिऊन आला. ओल्या कोटाने दाराचा रंग खराब व्हायला नको, म्हणून मामांनी तो दांडीच्या अगदी टोकाला टांगला, दारापासून जमेल तेवढा लांब. बाकीचे कपडे भिजू नयेत म्हणून त्यांच्यातही अंतर ठेवलं. खाली बादली ठेवली. इतकी काळजी घेऊन ते पलंगावर बसतात न बसतात तोच दारातून 'कट्' असा आवाज आला. बारीकच, बिस्किट मोडल्यासारखा.

हँगर खाली वाकला होता. सळईचे लांब पाय दाराच्या मधल्या पोकळ भागात रुतले होते आणि प्लायला आत पोचा आला होता, अंगठा बसेल एवढा. दाराच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या खोलीकडून, वरच्या काठाशी सळईचा आकडा ओढला जाऊन रंगाचा टवका उडाला होता. मामांनी हँगर उतरवला. रबराचे तुकडे सुटेनात. ओढून काढले तर एकाबरोबर रंगाचा पापुद्रा आला आणि बाकीच्यांखाली काळे डाग उमटलेले दिसले. ओल्या फडक्याने पुसले. डाग जागचे हलले नाहीत.

मामा पलंगावर बसून राहिले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा कोणी त्यांच्यासाठी दार रंगवलं होतं. एकच गोष्ट सांगितली होती, दाराला जपा. ती एक गोष्ट त्यांना जमली नव्हती. आता सून काही बोलणार नाही, ती बोलणाऱ्यातली नाही. पण जेवताना गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची बंद होईल. त्यापेक्षा आपण दार होतं तसं करावं, आणि मग कोणाला काही कळायच्या आत अक्काकडे जावं.

दार होतं तसं करायचं म्हणजे रंग हवा. रंगाचं दुकान त्या भागात एकच होतं. सून दुपारी तासभर जेवायला मागे बसते हे मामांना ठाऊक होतं. ती वेळ साधून ते टोपी कपाळावर ओढून दुकानात शिरले. काउंटरवर मिशीवाला एक गृहस्थ होता.

"थोडा रंग पाहिजे. दाराचा. पांढरा."

"कोणता पांढरा?"

"पांढरा म्हणजे पांढरा."

"काका, आमच्याकडे पांढऱ्यालाच एक अख्खी भिंत दिली आहे. नमुना आहे का?"

मामांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून टवका काढला. गृहस्थाने तो तळहातावर घेतला आणि पडद्यामागे गेला. बराच वेळ कोणी आलं नाही. मग मशीन घरघरायचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. गृहस्थ बाहेर आला तो हातात लहानसा डबा, एक बाटली, पुट्टीची पुडी, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक ब्रश घेऊन.

"आधी पोचा पुट्टीने भरायचा. वाळला की घासायचा, मग रंग. डागावर रंग द्यायच्या आधी अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, एक हात द्या, नाहीतर काळं पुन्हा वर येतं. अस्तर या बाटलीत आहे."

"पोचा आलाय हे मी कुठे बोललो?"

गृहस्थाने मिशीवरून हात फिरवला. "मशीन सांगतं," तो म्हणाला.

मामा रस्त्याने घरी येताना मशिनांनी केवढी प्रगती केली आहे याचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं तसे ते कामाला लागले. आधी बॅग भरून झाली. हँगर वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याशेजारी उभा केला. आदल्या दिवशी लपूनछपून भरलेली पुट्टी घासली, अस्तर दिलं, ते वाळेपर्यंत बसले, आणि मग डबा उघडला. रंग हुबेहूब होता. दारावर लावलेला कुठला आणि डब्यातला कुठला, ओळखू येत नव्हतं. ते मनगट दुसऱ्या हाताने धरून ब्रश फिरवत होते.

"डावीकडे राहिलं," मागून आवाज आला.

मामांच्या हातून ब्रश पडला नाही एवढंच. सून दारात उभी होती, खांद्याला पर्स, अंगावर दुकानाचा रंगांनी बरबटलेला एप्रन तसाच.

"आज लवकर?" मामांनी विचारलं, जणू तीच काहीतरी चोरताना सापडली होती.

"बाबा, हा रंग बाजारात मिळत नाही. हा मी बनवला होता. पांढऱ्यात थोडा पिवळा, थोडा काळा, आणि तांबड्याचा नुसता ठिपका. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. काल टवका हातात आला तेव्हाच कळलं हा कुठला. पोचा आणि डाग तर सकाळी चहा आणतानाच दिसले होते."

"पण तू तर जेवायला बसतेस त्या वेळी. मशीनवर कोण..."

"मशीन मीच."

मामांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. सुनेची नजर खाली गेली. बॅग, तिच्याशेजारी वर्तमानपत्रातलं बोचकं.

"निघालात?"

"अक्का बोलावतेय."

"अक्का किती दिवस बोलावताहेत. आजच का?"

मामा दाराकडे बघत राहिले. "तू म्हणाली होतीस, दाराला जपा."

"आठवडाभर, बाबा!" सुनेचा आवाज एकदम चढला. "रंग ओला होता म्हणून आठवडाभर! त्याला किती महिने झाले? त्यानंतर तुम्ही दाराला लाथ मारली असतीत तरी मी काही म्हटलं नसतं!"

मामांना कोपर अंगाला चिकटवून काढलेले सगळे दिवस आठवले.

"मला वाटायचं, तुम्हाला आमच्याकडे राहायचंच नाही," ती म्हणाली. "कपाट नको म्हणालात. बॅग उघडली नाहीत. शेवटी हँगर आणलात, मला बरं वाटलं, तर तोही जाताना उचलून न्यायचा. दार उघडं टाकून झोपता, गाडीची वाट बघत स्टेशनवर झोपावं तसे. मी रोज जिना चढताना म्हणायचे, आज खोली रिकामी असेल. माझंच काहीतरी चुकतंय, असं मी ह्यांना दहा वेळा म्हटलं. हे म्हणाले, बरं."

"दार लागत नव्हतं," मामा म्हणाले.

"काय?"

"हँगर लावल्यावर दार चौकटीत जात नव्हतं. म्हणून उघडं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता एप्रनच्या टोकाने डोळे पुसायला लागली. त्यामुळे तिच्या गालाला निळा रंग लागला. मामांना काय करावं सुचेना. त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला. तो तिने घेतला.

"पण एक सांग," थोड्या वेळाने मामा म्हणाले. हे त्यांना दार मोडल्यापासून खात होतं. "आठ किलो होते. मी स्वतः तोलले. पाकिटावर दहा आहे. कोट भिजला तो धरून सुद्धा फार तर दहा. मग मोडलं कसं?"

मामांनी डाग पुसायला अर्धी बादली पाणी आणून ठेवलं होतं. सुनेने ती उचलून त्यांच्या हातात दिली.

"अंगाशी धरा. धरलीत? आता हात पुढे लांब करा."

मामांनी हात लांब केला. बादली खाली जायला लागली, दंड कापायला लागला, खांद्यातून कळ आली.

"वजन वाढलं?" सुनेने विचारलं.

"नाही. तेवढंच आहे." मामांनी बादली घाईघाईने खाली ठेवली आणि खांदा चोळत दाराकडे पाहिलं. बिजागऱ्यांकडे, कडीकडे, पोच्याकडे. "माझ्या काट्याला खालून आधार होता," ते हळूच म्हणाले. "दाराला खालून काही नाही. ते एका बाजूने बिजागरीला धरून उभं आहे. आणि मी कोट नेऊन टांगला पार टोकाला."

"रंगाला पाणी लागू नये म्हणून," सून म्हणाली.

"हो."

तिने पर्समधून एक पाकीट काढलं. चपट्या पट्ट्यांचा हँगर, मामांनी नाकारलेला तोच. पट्टी तिने दाराच्या काठावर धरून जाडीप्रमाणे सरकवली आणि आवळली, तशी ती दोन्हीकडून नीट बसली, हलायला जागाच राहिली नाही. पट्टीच्या आतून तिने नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चिकटपट्ट्या लावल्या. "रबर कधी रंगाला लावायचं नाही. काळं सोडतं आणि चिकटतं. हा नमदा काही करत नाही." जागा तिने बिजागरीच्या बाजूची धरली, तिथला रंग जुना आणि कडक झालेला होता. मामांनी आज लावलेला रंग वरून उद्या वाळेल, पण आतून घट्ट व्हायला महिना तरी जाईल, त्याला तोवर काही टेकवायचं नाही, असं तिने बजावलं. दार लावून पाहिलं. चौकटीत गेलं, कर्र न होता.

"याला पाच," मामा पाकीट वाचत म्हणाले.

"ते पाच किलो हुकांना झेपतात. दाराला किती झेपतं ते पाकिटावर नसतं. आपण तीन धरू. सदरे आणि स्वेटर इथे. कोटाला भिंतीत खुंटी मारून देतील हे रविवारी, वायरी फक्त स्विचबोर्डाच्या वरून गेल्यात. आणि बाकीच्याला कपाट येईल. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी आलं असतं."

ती स्टुलावर चढली होती. पट्टीच्या माथ्यावर, दाराच्या वरच्या काठावर बसणाऱ्या भागात, एक बारीक भोक होतं.

"ते कशाला?" मामांनी विचारलं.

"स्क्रूला. दार उघडझाप करताना पट्टी सरकून रंग घासू नये म्हणून. वरच्या काठाला आत लाकूड असतं, तिथे धरतो. मारलाच पाहिजे असं नाही."

"मग नको," मामा लगेच म्हणाले. "दाराला भोक पडेल."

"पडू दे."

तिने टोच्याने खूण केली, बारीक स्क्रू लावला आणि ओठ घट्ट मिटून पिळत राहिली. लाकूड किंचित करकरलं. रंगाचा भुगा मामांच्या टोपीवर पडला. तिने पट्टीला धरून जोरात हिसका दिला. ती जागची हलली नाही.

"झालं," ती खाली उतरत म्हणाली. "आता जायचं झालं तर दारासकट जावं लागेल तुम्हाला."

मामांनी दार खालपासून वरपर्यंत पाहिलं, भरलेला ट्रक समोर आला की पाहायचे तसं, घाई न करता.

"झेपायचं नाही मला," ते म्हणाले, आणि बॅग उघडून त्यांनी वरचा सदरा सुनेच्या हातात दिला.